समुदय की समुदाय? वाचनात अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी धर्म-अभ्यासाची प्रश्नपत्रिका

धर्मांचा अभ्यास हा विषय शिकवू लागल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मी बौद्ध धर्मावरील एका चाचणीत पाच गुणांचा प्रश्न विचारला होता. ‘दुःखाच्या समुदयाविषयी बुद्धांनी प्रतिपादन केलेल्या सत्याचे स्पष्टीकरण करून त्याचा निरोधाशी असलेला कार्यकारणसंबंध विशद करा.’ डिसलेक्सिया असलेल्या एका विद्यार्थ्याने या प्रश्नाला सहा ओळींचे उत्तर लिहिले, आणि ते सर्व भिक्षुसंघाविषयी होते. भिक्षू एकत्र राहतात, एकमेकांना आधार देतात, म्हणून त्यांचे दुःख कमी होते, असा त्याचा आशय होता. मी शून्य गुण दिले. मी उत्तरपत्रिका परत दिली तेव्हा त्याने प्रश्नातील एका शब्दावर बोट ठेवून विचारले, ‘सर, समुदायाबद्दलच लिहिलंय ना?’ प्रश्नपत्रिकेत ‘समुदय’, म्हणजे उगम, होते. त्याने ‘समुदाय’ वाचले होते. मग तोच प्रश्न मी त्याला तोंडी विचारला. तो म्हणाला, ‘तृष्णेमुळे दुःख होतं. दिव्यातलं तेल संपलं की ज्योत विझते, तशी तृष्णा संपली की दुःख संपतं.’ दुसरे आणि तिसरे आर्यसत्य त्याला वर्गातील अनेकांपेक्षा चांगले समजले होते, पण माझ्या चाचणीने त्याचे ज्ञान न मोजता एका काना-मात्रेचे वाचन मोजले होते.

नव्याने या विषयाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी येथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. प्रत्येक प्रश्नाखाली आपण नेमके काय तपासत आहोत, ते एका ओळीत लिहावे. वरील प्रश्नात मला चार गोष्टी हव्या होत्या: ‘समुदय’ या संज्ञेचा अर्थ, तृष्णा हे कारण, तृष्णेतून दुःख कसे उपजते याचे स्पष्टीकरण, आणि कारण नाहीसे झाल्यास कार्यही नाहीसे होते हा निरोधाशी असलेला संबंध. ‘प्रतिपादन’, ‘कार्यकारणसंबंध’ आणि ‘विशद’ हे शब्द समजणे या यादीत कोठेच नव्हते. जे यादीत नाही ते सोपे करावे आणि जे यादीत आहे त्याला हात लावू नये, एवढाच नियम आहे. तो पाळताना मात्र चुका होतात.

माझी पहिली चूक बहुपर्यायी प्रश्नाची होती. लिहावे लागणार नाही, म्हणजे विद्यार्थ्याला सोपे जाईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ‘तृष्णा असल्यास दुःख उरत नाही’ आणि ‘तृष्णा नसल्यास दुःख उरत नाही’ अशा, एका अक्षराने अर्थ उलटणाऱ्या चार ओळी त्याला काळजीपूर्वक वाचाव्या लागल्या. त्यामुळे वाचनाचा भार वाढला आणि स्पष्टीकरण मागणारा भाग मात्र नाहीसा झाला. जोड्या लावण्याचा प्रश्न तर याहून वाईट ठरतो. अष्टांगिक मार्गाची आठही अंगे ‘सम्यक्’ या एकाच शब्दाने सुरू होतात; सम्यक् संकल्प, सम्यक् स्मृती, सम्यक् समाधी अशी आठ नावे एकाखाली एक छापली की अडखळणाऱ्या वाचकाची नजर ओळ सोडून भलत्याच ओळीवर जाते. ‘सम्यक्’ एकदाच मथळ्यात लिहून खाली फक्त वेगळे शब्द ठेवले, तरी आशय तसूभरही कमी होत नाही.

दुसरी चूक उलट दिशेची होती. मी प्रश्न बदलून ‘दुःखाचे कारण तृष्णा कशी आहे?’ असा केला. तो वाचायला सोपा होता, पण त्यात दोन उत्तरे प्रश्नातच देऊन टाकली होती. ही गोष्ट मला लक्षात आली ती सहज वाचणाऱ्या काही विद्यार्थ्यांनाही तीच आवृत्ती दिल्यामुळे. चांगल्या वाचकांचे गुण दोन्ही आवृत्त्यांत साधारण सारखे राहिले, तर केवळ वाचनाचा अडथळा दूर झाला असे समजावे. त्यांचेही गुण वाढले, तर आशय पातळ झाला आहे. ही पडताळणी पाच-सहा विद्यार्थ्यांवरही करता येते, मात्र त्यातून फार तर इशारा मिळतो, पुरावा नव्हे.

शेवटी त्या प्रश्नाचे रूप असे झाले:

१. ‘समुदय’ या शब्दाचा अर्थ लिहा. (१ गुण)

२. दुसऱ्या आर्यसत्यानुसार दुःख कशामुळे निर्माण होते? कसे, ते सांगा. (२ गुण)

३. तिसरे आर्यसत्य ‘निरोध’ हे आहे. ते दुसऱ्या सत्यावर अवलंबून आहे का? कारण द्या. (२ गुण)

गुण तेच, गुणदान-तक्ता तोच. मात्र दुसरा प्रश्न पहिल्याचे उत्तर उघड करतो, म्हणून शब्दार्थाचे प्रश्न मी वेगळ्या कागदावर आधी घेतो आणि तो कागद गोळा करून मगच पुढचा देतो. या कागदावरील प्रत्येक संज्ञा मी स्पष्ट उच्चारात दोनदा मोठ्याने वाचून दाखवतो, कारण मला शब्दाचा अर्थ तपासायचा आहे, शब्द ओळखता येतो की नाही हे नाही. संज्ञा सोपी करून ‘कारण’ असा शब्द घालणे मी कटाक्षाने टाळतो. धर्माच्या अभ्यासात परिभाषा हाच आशयाचा मोठा भाग आहे आणि ती काढून घेतली तर विद्यार्थ्याला विषयच कमी दिला जातो.

प्रश्नाचे तुकडे करण्यालाही मर्यादा आहे. ‘हे मत तुम्हांला पटते का?’ यासारख्या प्रश्नात मुद्द्यांची मांडणी स्वतः करणे हेच जर तपासायचे असेल, तर तुकडे करून आपण ती मांडणीच हातात देतो. तेथे मी प्रश्न अखंड ठेवतो, वाचून दाखवतो आणि अधिक वेळ देतो. वाचून दाखवताना शब्द बदलू नयेत, आणि योग्य उत्तराकडे नेणारा आवाजाचा चढउतार तर अजिबात करू नये. हे सवयीने घडते, म्हणून सहकाऱ्याने एकदा शेजारी बसून ऐकावे.

छपाईविषयी थोडेच सांगतो. अक्षरे १४ पॉइंटची, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे सरळ कड आणि उजवीकडे मोकळी. देवनागरीत महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारू नये, कारण ती उकारांना छेदते आणि ‘समुदय’ वाचणे आणखी अवघड होते. त्याऐवजी ठळक अक्षर वापरावे. धर्मग्रंथातील उतारा असेल तर त्याची भाषा बदलू नये. ओळींना क्रमांक द्यावेत आणि उतारा आधल्या तासाला वाचून घ्यावा, प्रश्न मात्र चाचणीतच द्यावेत.

गुणदानात एक प्रश्न राहतोच, तो म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः ‘समुदाय’ असे लिहिले तर काय करावे. ‘दुःखाचा समुदाय म्हणजे तृष्णा’ असे वाक्य असेल तर मी पूर्ण गुण देतो, कारण संकल्पना बरोबर आहे आणि चूक लेखनाची आहे. वाक्यातून लोकांचा समूह असा अर्थ निघत असेल तर त्याच दिवशी, चर्चा होण्यापूर्वी, तोच प्रश्न तोंडी विचारतो आणि उत्तर शब्दशः टिपून ठेवतो. तोंडी उत्तरातही संघच आला, तर ती वाचनाची अडचण नसते; तेथे गुण दिले जात नाहीत, आणि दुसरे आर्यसत्य त्याला पुन्हा शिकवावे लागते.