दिवसा शू सांगते, मग रात्री गादी ओली का? या चुका टाळा

माझी भाची साडेतीन वर्षांची. दिवसाचा डायपर सुटून दोन महिने झाले, तसा तिच्या आईने रात्रीचाही बंद केला. पहिली चूक इथेच झाली. दिवसा शू सांगणं मूल शिकतं, पण रात्रीचं कोरडेपण शिकवून येत नाही, ते वाढीबरोबर येतं. झोपेत व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पुरेसं स्रवू लागलं की मूत्रपिंडं लघवी कमी तयार करतात. मूत्राशय भरल्याचा निरोपही झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचावा लागतो. यात प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होण्याला डॉक्टर सहसा आजार मानत नाहीत. आई किंवा बाबांना लहानपणी ही सवय असेल तर आणखी उशीर होऊ शकतो.

मग सुरू झालं उचलून नेणं. रात्री अकराला आणि तीनला. पोरगी आईच्या खांद्यावर डोकं टाकून, डोळे मिटूनच शू करायची. सकाळी गादी कोरडी, म्हणून सगळे खूश! एका रात्री आईला जाग आली नाही आणि पहाटे गादी चिंब. झोपेत शू होणं थांबलंच नव्हतं, फक्त जागा बदलली होती. उचलल्याने गादी वाचते, मूल शिकत नाही.

पुढचा उपाय म्हणजे संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. हा तर अंगाशीच आला. तिला आधीच तिसऱ्या दिवशी शी व्हायची, ती आणखी कडक झाली. साठलेली शी मूत्राशयावर दाबते आणि त्यात मावणारी लघवी कमी होते. बद्धकोष्ठता हे गादी ओली होण्याचं नेहमी निसटून जाणारं कारण आहे. त्यामुळे पाणी तोडू नका. सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर द्या, झोपायच्या आधीच्या तासाभरात थोडं कमी चालेल, आणि अंथरुणावर जाण्याआधी एकदा शू.

शेवटी रात्रीचा डायपर परत घातला. तिला एवढंच सांगितलं की झोपेतली शू तुझ्या हातात नाही. (रागावणं, किंवा ‘शेजारची बघ कशी’ म्हणणं, हे तर नकोच.) रोज सकाळी डायपर हातात घेऊन बघायचा. पहिल्या आठवड्यात सात दिवसांपैकी पाच दिवस जड होता, म्हणजे अजून वेळ आहे. साधारण दोन आठवडे बहुतेक सकाळी कोरडा निघाला, की गादीवर रबरी शीट घालून पुन्हा प्रयत्न करायचा.

मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक ओलं करू लागलं, शू करताना दुखतं म्हणालं, खूप तहान लागू लागली, वजन उतरलं किंवा दिवसाही थेंब गळू लागले, तर वयाचा विचार न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तहान आणि वजन घटणं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी, कारण ती मधुमेहाची खूण असू शकते.