अशक्त वासराच्या पहिल्या तीन रात्री : फोनवरून सांगितलेली कृती

लालबागला आमच्याकडे दरवर्षी पाटणजवळच्या गावाहून एसटीनं चिकाची बाटली येते, खरवसासाठी. यंदा बाटलीआधी भाचीचा, सुमीचा, फोन आला. रात्रीचे साडेदहा, डिसेंबरची थंडी.

"मामा, वासरू उठंना. तोंड गार पडलंय. आई म्हणती वार पडल्याबगर चीक पाजायचा न्हाई." वार म्हणजे गाय व्याल्यावर मागाहून पडणारी झिल्ली.

मी तरुणपणी आरे कॉलनीत तबेल्यात काम केलेलं, म्हणून हा फोन मला. वासराला जन्मून एक तास झाला होता.

आधी ऊब, मग चीक. हा क्रम चुकवू नका. सुमीला म्हटलं, बोट त्याच्या तोंडात घाल, चोखतंय का बघ. चोखत नव्हतं. अशा वासराच्या तोंडात नळीनं किंवा बाटलीनं ओतलं तर चीक फुप्फुसात जाऊ शकतो. गुदद्वारात साधा थर्मामीटर लावला, 97 फॅरनहाइट. वासराचं हवं 101 ते 102.5. मग गोणपाटानं खरखरून पुसून कोरडं केलं, कोरड्या पेंढ्यावर पाय पोटाखाली घेऊन छातीवर बसवलं आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावल्या. तेवढ्यात नाळेचं टोक टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवून घेतलं. बाराला पारा 100 वर आला आणि बोट ओढलं जाऊ लागलं.

आता वारेचं. वार पडायला आठ-बारा तास लागू शकतात. वासरू रोगप्रतिकारक प्रथिनं रक्तात घेऊन जन्मत नाही, ती चिकातूनच मिळतात, आणि आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषतं. चोवीस तासांनी दार जवळजवळ बंद. शिवाय चूषणानं वार पडायला मदतच होते. बहिणीला हे पटवण्यात दहा मिनिटं गेली, ती मी हिशोबात धरत नाही.

चोवीस तासांत वजनाचा दहावा भाग चीक द्यायचा. हे वासरू अंदाजे अठरा किलोचं, म्हणजे पावणेदोन लिटर; अशक्त असल्यानं अर्धा-अर्धा लिटर, तीन-चार तासांनी. चीक चुलीवर ठेवू नये. थिजून खरवस होतो, म्हणजे तीच प्रथिनं वाया. बाटली गरम पाण्यात ठेवायची, मनगटावर थेंब कोमट लागला की पुरे. मान फार उंच करायची नाही. खोकलं किंवा नाकातून चीक आला की लगेच थांबायचं. बोट चोखलंच नसतं तर डॉक्टरांकडून पोटात नळी घालून घेणं हाच उपाय होता.

सकाळी जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर, 1962 वर, फोन करून डॉक्टर बोलावले. दुसऱ्या रात्री सुमी हगवण बघत होती: डोळे खोल गेलेत का, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते का. तिसऱ्या रात्री नाळ सुजलीय का, सांधे गरम आहेत का. पहाटे तीनला तिनं फोटो पाठवला, वासरू चार पायांवर, तोंड सडाला.

बाटली पाचव्या दिवशी आली. पातळ झालेला चीक. खरवस काही जमला नाही.