परीक्षेत चिठ्ठी सापडली तर पर्यवेक्षकाने अहवाल कसा लिहावा

परीक्षार्थीजवळ चिठ्ठी सापडली की वर्गातलं वातावरण तापतं, आणि तो ताप अहवालात उतरतो. ‘रंगेहाथ पकडले’, ‘सर्रास कॉपी करत होता’ असे शब्द येतात. प्रकरण पुढे विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोर जातं आणि तिथल्या कोणीही तुमचा वर्ग पाहिलेला नसतो. त्यांच्या हातात चिठ्ठी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्याचा जबाब आणि तुमचा अहवाल एवढंच असतं. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: अहवालात डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. त्यावरून काय ठरतं, ते समितीने ठरवायचं.

सुरुवात घड्याळाने करा. चिठ्ठी दिसली त्या क्षणाची वेळ लगेच टिपून घ्या, कारण अर्ध्या तासाने आठवून लिहिलेली वेळ वरिष्ठ पर्यवेक्षकांच्या नोंदीशी जुळत नाही आणि शंका तिथूनच सुरू होते. मग चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका दोन्ही ताब्यात घ्या, आवाज न चढवता. वरिष्ठ पर्यवेक्षकांना वर्गात बोलवा. अंगझडतीची वेळ आलीच तर ती एकट्याने घेऊ नका, आणि विद्यार्थिनीची झडती महिला कर्मचाऱ्यानेच घ्यावी. परीक्षार्थीला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देण्याची पद्धत असते. ती दिल्याची वेळही नोंदवा. मधली मिनिटं कुठे गेली हे नंतर विचारलं जातं.

आता मुख्य काम, म्हणजे चिठ्ठीचं वर्णन. ‘आक्षेपार्ह साहित्य सापडले’ एवढ्याने काहीच कळत नाही. कागद किती, हस्तलिखित की मायक्रो झेरॉक्स, मजकूर एका बाजूला की दोन्ही, आकार साधारण केवढा, प्रत्येकाची पहिली ओळ कोणती आणि नेमका कुठे सापडला, हे सगळं लिहा. कंपासपेटीत सापडलेला कागद आणि उत्तरपत्रिकेच्या पानांत सापडलेला कागद यांत मोठा फरक आहे. जवळ बाळगणं आणि वापरणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि शिक्षाही त्यावर अवलंबून असू शकते.

समजा, द्वितीय वर्ष कला शाखेचा अर्थशास्त्राचा पेपर आहे, वेळ ११ ते १.३०. अहवालाचा गाभा असा असावा:

‘ब्लॉक क्र. ७ मध्ये पर्यवेक्षण करताना ११ वाजून ५२ मिनिटांनी वरील बैठक क्रमांकाच्या परीक्षार्थीच्या उत्तरपत्रिकेतील पान ७ खालून कागदाची कड दिसली. पान उचलले असता हस्तलिखित कागदाचे दोन तुकडे आढळले. प्रत्येकी अंदाजे ७ × १० सेंमी, एका बाजूस निळ्या शाईत मजकूर. पहिल्याची सुरुवात “मागणीची लवचिकता म्हणजे”, दुसऱ्याची “लवचिकतेचे प्रकार”. त्या वेळी परीक्षार्थीचे लेखन पान ७ च्या मध्यापर्यंत झाले होते. परीक्षार्थीला कागदाकडे पाहताना मी पाहिले नाही. ११.५५ ला वरिष्ठ पर्यवेक्षक आले. १२.०५ ला नवी उत्तरपत्रिका दिली.’

यातलं ‘मी पाहिले नाही’ हे वाक्य अनेकजण गाळतात. ते गाळू नका. विद्यार्थ्याच्या बाजूची एखादी गोष्ट दिसली असेल तर तीही तितक्याच ठळकपणे आली पाहिजे, नाहीतर अहवाल अर्धाच राहतो. त्याचप्रमाणे ‘चिठ्ठीतला मजकूर उत्तरात उतरवला आहे’ असंही स्वतःहून लिहू नये. तो ताळा उत्तरपत्रिका आणि चिठ्ठी शेजारी ठेवून विषयतज्ज्ञ घालतात. विद्यार्थ्याचा मागचा इतिहास, कॉलेजातली कीर्ती, ‘घाबरलेला दिसत होता’ यांनाही जागा नाही. घाबरायला चिठ्ठी लागत नाही. पर्यवेक्षक जवळ आला तरी पुरतं.

जबाब विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहावा. तुम्ही वाक्यं सांगू नका, ‘कबूल कर, सुटशील’ असं तर मुळीच म्हणू नका. तो ‘कागद माझा नाही’ म्हणाला तर तेच शब्द अवतरणात घ्या. सही करायला नकार दिला तर ‘वाचून दाखवले, सही करण्यास नकार दिला’ अशी नोंद करून वरिष्ठ पर्यवेक्षकांची सही घ्या.

प्रत्येक चिठ्ठीवर मजकूर झाकला जाणार नाही अशा कोऱ्या जागी विद्यार्थ्याची, तुमची आणि वरिष्ठ पर्यवेक्षकांची सही हवी. कागदांची संख्या अहवालात आणि पाकिटावर एकच असावी. दोन्ही उत्तरपत्रिका, चिठ्ठ्या, जबाब आणि अहवाल विद्यापीठाच्या ठरलेल्या नमुन्यात, इतर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात न घालता वेगळ्या सीलबंद पाकिटातून केंद्रप्रमुखांकडे द्या. अहवालाची एक प्रत आणि पाकीट दिल्याची पोच मात्र केंद्रावरून निघण्यापूर्वीच घ्या.