जवळच्या मैत्रिणीला वाईट बातमी कळवताना: फोन, मेसेज की भेट?

बातमी कळवायची वेळ आली की आपण बहुधा स्वतःला झेपेल तो मार्ग धरतो. रडू आवरणार नाही असं ज्याला वाटतं तो मेसेज टाईप करतो. एकट्याने ओझं सोसवत नाही तो लगेच फोन लावतो. दोघांचाही विचार स्वतःपाशीच थांबतो. खरा प्रश्न असा, की बातमी कळल्यानंतरची पहिली दहा मिनिटं मैत्रीण कशी काढणार आहे? तेव्हा तिला कोणी जवळ हवं असेल, की कोणी बघत नसलेलं बरं वाटेल? याचं उत्तर मिळालं की मार्ग निम्मा ठरतो. उरलेला निम्मा ठरतो घड्याळावर.

पायरी 1: दुःख कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

इथे दोन प्रकार वेगळे करायला हवेत.

पहिल्या प्रकारात बातमी ऐकून ती कोसळेल आणि तिला आधार लागेल. कोणाचा मृत्यू, अपघात, गंभीर आजार ही त्यातली उदाहरणं. इथे शक्य असेल तर भेट, नाहीतर फोन. मेसेज नाही, कारण मेसेज तिच्या हातात बातमी ठेवतो आणि निघून जातो.

दुसऱ्या प्रकारात ऐकणारीला आपली प्रतिक्रिया लपवावी लागते, आणि गोंधळ होतो तो इथेच. समजा मैत्रीण कित्येक वर्षं मूल व्हावं म्हणून उपचार घेते आहे आणि तुम्हाला दिवस गेले आहेत. तुमच्यासाठी ही आनंदाची बातमी, तिच्यासाठी कळ. समोर बसून सांगितलंत तर तिला त्याच क्षणी हसावं लागेल, मिठी मारावी लागेल, "किती छान!" म्हणावं लागेल, आणि मग घरी जाऊन रडावं लागेल. फोनवरही आवाज सावरावा लागतोच. इथे भेटीचा आग्रह प्रेमळ वाटला तरी तिच्यावर तो एक परीक्षा लादतो. मेसेज तिला एकांत देतो. ती वाचेल, फोन उलटा ठेवेल आणि दोन दिवसांनी सावरून उत्तर देईल. फक्त तो मेसेज तिला एकटीला आणि इतरांना कळण्याआधी जायला हवा. ग्रुपवरच्या घोषणेतून तिला कळता कामा नये.

त्या मेसेजचा मजकूर साधारण असा: "तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून आधी तुलाच लिहिते आहे. मला दिवस गेलेत. हे वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे, लगेच उत्तर द्यायची गरज नाही. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे." यात चार वाक्यं आहेत आणि शेवटची दोन सर्वांत महत्त्वाची आहेत, कारण ती तिला उत्तराच्या बंधनातून सोडवतात. मात्र पुढे "रागावलीस का?" असा दुसरा मेसेज पाठवलात तर ते सगळं पाण्यात. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, याचा अर्थ ती वेळ घेते आहे, इतकाच धरायचा.

बातमी तुमच्याच आजाराची असेल तर तोलायची गोष्ट तुमची ताकद. पाच जणींना पाच फोन केले की पाचही वेळा त्यांचं रडणं तुम्हालाच थांबवावं लागतं. सर्वांत जवळच्या एकीला भेटून किंवा फोनवर सांगा, बाकीच्यांना मेसेज चालतो. तो त्या जवळच्या मैत्रिणीने पाठवला तरी चालतो.

पायरी 2: बातमी दुसरीकडून कधी पोचेल ते मोजा

भेट सर्वांत चांगली असं म्हणून आपण संध्याकाळपर्यंत थांबतो आणि दुपारी कोणीतरी ग्रुपवर फोटो आणि हार टाकून मोकळं होतं. म्हणून दोन वेळा मोजायच्या: तुम्हाला तिच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, आणि बातमीला किती. बातमी आधी पोचणार असेल तर भेट बाद, फोन करायचा.

बातमी थोडी अडवता येते. ज्यांना माहीत आहे त्यांना फोन करून स्पष्ट सांगा, "तिला मी सांगते आहे, दहापर्यंत ग्रुपवर टाकू नका." तास-दोन तास हे पाळलं जातं. त्यापुढे भरवसा ठेवू नये.

पायरी 3: ती आत्ता कुठे आहे?

गाडी चालवताना, मीटिंगमध्ये, लहान मुलाला अंघोळ घालताना, प्रवासात एकटी: अशा वेळी बातमी पोचली तर दुःखात धोक्याची भर पडते. मेसेजची मोठी अडचण हीच आहे, की तो कुठल्या क्षणी उघडला जाईल हे तुमच्या हातात नसतं. शिवाय त्याची पहिली ओळ कुलूपबंद स्क्रीनवर, मनगटी घड्याळावर, कधी गाडीतल्या पडद्यावरही दिसते. पाठवून मग पुसलेला मेसेज तर आणखी वाईट, कारण मागे राहिलेली पुसल्याची खूण तिला भलभलत्या शंका घ्यायला लावते. व्हॉइस मेसेजही या कामाला नको. आत काय आहे याचा अंदाज नसतो आणि तो चारचौघांत स्पीकरवर वाजू शकतो.

व्हिडिओ कॉलने भेटीची उणीव भरून निघेल असं वाटतं, पण तसं फारसं होत नाही. आवाज अडकला की शांतता दुःखाची की नेटवर्कची तेच कळत नाही, आणि रडणाऱ्या माणसाला कोपऱ्यात स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. साधा फोन त्याहून बरा. मानसशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी समोरच्याच्या भावना नुसत्या आवाजावरून जास्त अचूक ओळखल्या. चेहरा आणि आवाज दोन्ही असताना अचूकता कमी होती.

एक प्रसंग, मिनिटांसकट

सकाळी 8:10 ला तुम्हाला कळतं, की दोघींचाही कॉलेजमधला मित्र रात्री हृदयविकाराने गेला. मैत्रीण दुसऱ्या शहरात एकटी राहते आणि तिथे पोचायला पाच तास लागतात. ती साडेआठला स्वतः गाडी चालवत ऑफिसला निघते. ग्रुपमध्ये पस्तीस जण आहेत, त्यातल्या तिघांना आत्ताच माहीत आहे.

भेट बाद, कारण तुम्ही दुपारी एकनंतर पोचाल आणि ग्रुप त्याच्या खूप आधी. मेसेजही बाद, कारण तो नेमका सिग्नलला वाचला जाईल. उरतो फोन, आणि त्याला वीस मिनिटं आहेत. आधी त्या तिघांपैकी एकाला थांबायला सांगा, दोन मिनिटांत. मग तिला लावा.

तिने उचलला नाही तर लागोपाठ पाच मिस्ड कॉल देऊ नका, त्यानेच धस्स होतं. एकदा लावून एक मेसेज करा. "अर्जंट, कॉल कर" एवढंच लिहिलं तर ती गाडी चालवतानाच फोन लावेल. "काही नाही, सहजच" हे खोटं ठरेल. मधला मार्ग असा: "एक वाईट बातमी सांगायची आहे. तुझ्या घरचे सगळे ठीक आहेत. ऑफिसला पोचलीस, गाडी लावलीस की निवांत जागेवरून फोन कर, मी वाट बघते आहे." घरच्यांबद्दलचं वाक्य अर्थात खरं असेल तरच. मनात येणाऱ्या सर्वांत मोठ्या भीतीला ते आधीच उत्तर देतं.

उचलला, तर पहिला प्रश्न "कुठे आहेस, कोण आहे बरोबर?" हाच. गाडी चालवत असेल तर "आधी बाजूला लाव, मी लाईनवर थांबते." ती लगेच "काय झालं?" विचारेलच. तरी गाडी थांबेपर्यंत सांगू नका.

पायरी 4: सांगण्याची पहिली तीन वाक्यं

कर्करोगाच्या डॉक्टरांसाठी 2000 मध्ये मांडलेली "स्पाइक्स" नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे. तिच्यातल्या दोन गोष्टी मैत्रीतही लागू पडतात: आधी समोरच्याला काय माहीत आहे ते विचारणं, आणि बातमीच्या आधी इशारा देणारं एक वाक्य बोलणं. "काही कळलं का तुला?" मग "फार वाईट बातमी आहे." दोन-तीन सेकंद थांबायचं. मग बातमी, एका वाक्यात.

ते वाक्य बोलताना आपली भाषाच दगा देते. "तो गेला" म्हटलं की फोनवर हमखास "कुठे?" असा प्रश्न येतो. "त्याचं बरं-वाईट झालं" यातून काहीच नक्की होत नाही. "सिरीयस आहे" हे तर सरळ खोटं. प्रवासात धीर टिकावा म्हणून ते सांगितलं जातं, पण मग ती आशा धरते, डॉक्टरांबद्दल विचारते, ओळखीच्यांना फोन करते, आणि पुढे "तुला तेव्हाच माहीत होतं ना?" हे वाक्य मैत्रीत कायमचं राहतं. म्हणून नाव घेऊन सांगावं: "रात्री अमक्याला हार्ट अटॅक आला आणि त्याचा मृत्यू झाला." ऐकायला कठोर वाटतं, पण पुन्हा विचारावं लागत नाही.

त्यानंतर गप्प बसायचं. ही शांतता दहा सेकंदांची असली तरी फोनवर मिनिटभराची वाटते, आणि आपण ती कारणं, तपशील किंवा "त्याला त्रास झाला नाही" अशा वाक्यांनी भरू लागतो. तुम्हाला माहीत नसलेलं काहीही त्यात येऊ देऊ नका. "मी आहे इथे" एवढं मध्ये एकदा पुरे.

पायरी 5: फोन ठेवण्याआधी आणि नंतर

ती एकटी असेल तर कोणाला बोलावता येईल ते विचारा: शेजारीण, ऑफिसमधली कोणी. ती म्हणाली "मी ठीक आहे", तरी नाव काढून घ्या. लगेच गाडी चालवू नको, हेही सांगा. वीस-तीस मिनिटांनी मी पुन्हा फोन करते, असं सांगून ठेवा आणि खरंच करा.

आता मेसेजची पाळी येते. धक्क्यात ऐकलेला तपशील डोक्यात राहत नाही. अंत्यविधी किती वाजता, कुठे, कोणाला फोन करायचा, हे सगळं लिहून पाठवा, म्हणजे तिला पुन्हा विचारावं लागणार नाही. भेट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या. "कधी येऊ?" असं विचारलंत तर ठरवण्याचं काम तिच्यावर पडतं. "उद्या सकाळी येते, नको असेल तर सांग" हे तिला सोपं जातं.

आणि मार्ग चुकलाच, म्हणजे मेसेज गेला आणि तिने तो बसमध्ये वाचला, तर मेसेजवर मेसेज पाठवून समजावत बसू नका. लगेच फोन लावा आणि "असं लिहून कळवायला नको होतं, चुकलं माझं" एवढं एकदाच म्हणा. तुमच्या अपराधी भावनेची समजूत काढायचं काम त्या दिवशी तिच्याकडे नको. ती कुठे उतरणार आहे ते विचारा आणि उतरेपर्यंत फोन चालू ठेवा.