छपराचं काम पावसाआधी संपेल का? स्प्रेडशीटमध्ये गँट चार्ट मांडून बघा

फोंड्याकडच्या मामांच्या चिरेबंदी घराचं छप्पर बदलायचं होतं. मेस्त्री अंगणात बसून एका दमात सांगून गेले: "आधी कौलं उतरवतो तीन दिवसांत. मग भिंतीचा माथा बांधून काढायचा, पाच दिवस. लाकूड कापून यायला नऊ दिवस, वाळवीचं औषध दोन दिवस. मग वासे-रीपा सहा दिवस. कौलं धुवून निवडायला पाच, चढवायला चार, शेवटी आढ्यावरचे कोने दोन दिवस." रविवारी काम बंद. सुरुवात 4 मे 2026, सोमवारी. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात.

आता हे शीटमध्ये गँट चार्ट म्हणून घालू, म्हणजे प्रत्येक कामाची तारखांच्या ओळीखाली एक आडवी पट्टी. B1 मध्ये सुरुवातीची तारीख टाका, तिसऱ्या ओळीत A ते F मथळे द्या आणि कामं चौथ्या ओळीपासून लिहा. ओळीचा आकडाच कामाचा नंबर ठेवला की पुढे सूत्रं लिहिताना गोंधळ होत नाही.

| क्र. | काम | दिवस | आधी काय संपायला हवं |
|---|---|---|---|
| 4 | कौलं उतरवणे | 3 | – |
| 5 | लाकूड कापून आणणे | 9 | – |
| 6 | भिंतीचा माथा | 5 | 4 |
| 7 | वाळवीचं औषध | 2 | 5 |
| 8 | वासे-रीपा | 6 | 6, 7 |
| 9 | कौलं धुणे, निवडणे | 5 | 4 |
| 10 | कौलं चढवणे | 4 | 8, 9 |
| 11 | कोने | 2 | 10 |

खरी मेहनत शेवटच्या रकान्यात आहे. मेस्त्री ज्या क्रमाने बोलले तोच कामाचा क्रम धरला तर चार्ट चुकलाच. त्यांच्या बोलण्यात लाकूड तिसरं आलं, पण ते गिरणीत कापलं जातं, त्याला कौलं उतरण्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून प्रत्येक कामापाशी थांबून एकच विचारायचं: हे सुरू करायला आधी नेमकं काय हातावेगळं व्हायला हवं?

E मध्ये सुरुवात, F मध्ये शेवट. E4 आणि E5 मध्ये `=$B$1` लिहा. F4 चं सूत्र खाली F11 पर्यंत ओढा:

```
F4: =WORKDAY.INTL(E4-1,C4,11,Holidays!$A$1:$A$9)
E6: =WORKDAY.INTL(F4,1,11,Holidays!$A$1:$A$9)
E8: =WORKDAY.INTL(MAX(F6,F7),1,11,Holidays!$A$1:$A$9)
```

11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. E4-1 यासाठी, की पहिला दिवसही कामात मोजला जावा. Holidays नावाची वेगळी शीट करून तिच्या A1 मध्ये 30 मे 2026 टाका. तो गोव्याचा घटक राज्य दिन, आणि आमचे मेस्त्री त्या दिवशी यायचे नाहीत. बाकीच्या E पेशी D रकाना बघून याच धर्तीवर भरा. F11 मध्ये 29 मे दिसला की सूत्रं बरोबर.

दुसरंच काही दिसलं तर आधी तारखा तपासा. 4/5/2026 ला शीट कधी कधी 5 एप्रिल समजते, म्हणून महिन्याचं नाव दिसेल असा फॉरमॅट ठेवा. तारीख पेशीत डावीकडे चिकटून बसली असेल, तर बहुधा शीटने ती नुसता मजकूर म्हणून घेतली आहे.

पट्ट्यांसाठी G3 मध्ये `=$B$1`, H3 मध्ये `=G3+1`, आणि ते AM3 पर्यंत ओढा. तिथे 5 जून येतो. मग G4:AM11 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र आणि एक रंग द्या:

```
=AND(G$3>=$E4,G$3<=$F4,WEEKDAY(G$3,2)<7)
```

पट्ट्या वेड्यावाकड्या उमटल्या तर $ चुकीच्या जागी पडलाय. तारखेची ओळ बांधायची, रकाना नाही. E, F चा रकाना बांधायचा, ओळ नाही.

आता C रकान्यातले आकडे हलवून बघा. भिंतीच्या माथ्याचे पाचाचे आठ दिवस केले तरी F11 जागचा हलत नाही. लाकडाचे नवाचे दहा केले की मात्र 29 मे चा थेट 1 जून होतो, कारण मधे सुट्टी आणि रविवार. म्हणजे फोन करायचा तो गिरणीवाल्याला, गवंड्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र या शीटला कळत नाही: भिंत आणि कौलं धुणं एकाच वेळी चालणार, तर माणसं तेवढी आहेत का? ते मेस्त्रींनाच विचारावं लागतं.

लाकडाचा आकडा परत नऊ केला आणि E4 मध्ये 7 मे टाकून पाहिलं. शेवट तरीही 29 मे. कौलं तीन दिवस उशिरा उतरवली तरी काम वेळेवर संपतं आणि अवकाळी सरीत घर तीन दिवस कमी उघडं राहतं. मामांनी मेस्त्रींना गुरुवारी यायला सांगितलं.