प्लगला पिशवी बांधू नका: पावसाळ्यात ई-स्कूटर चार्ज करताना होणाऱ्या चुका

ढोकाळीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जून लागला की खांबाखांबावर दुधाच्या आणि किराण्याच्या पिशव्या दिसू लागतात. आत प्लग आणि बोर्ड, वर रबर बँड किंवा सुतळी. बांधणाऱ्याला वाटतं, झालं काम. मला मात्र ती पिशवी दिसली की आधी तिच्या तळाला बोट लावून बघावंसं वाटतं.

पाणी नेहमी वरूनच पडतं असं नाही, ते वायरीवरून चालत येतं. वायर उंचावरून खाली सॉकेटकडे येत असेल, तर भिजलेल्या वायरीचं पाणी ओघळत थेट प्लगपाशी पोचतं. पिशवी बाहेरचे थेंब अडवते, पण हे पाणी सुतळीच्या फटीतून आत शिरतं आणि तिथेच साठतं. प्लग पाण्याच्या वाटीत.

दोन वर्षांपूर्वी जुलैत नेमकं हेच झालं. आमच्या शेजारच्या काकांची स्कूटर चार्जिंगला लावली की दहा मिनिटांत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. उचलला की पुन्हा पडायचा. एका इलेक्ट्रिशियनने तोडगा काढला: आरसीसीबी काढून साधा एमसीबी बसवला. मग काय, ट्रिपिंग बंद, काका खूश. तीन दिवसांनी म्हणाले, "अरे, स्कूटरच्या स्टँडला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल ओली असेल म्हणून असेल का?"

मी आधी वरचा मेन बंद केला, मग पिशवी सोडली. आत दोन-तीन चमचे पाणी आणि प्लगच्या पिनांवर हिरवट थर. खालचा अर्थिंगचा स्क्रू नुसता अडकवलेला. म्हणजे पाण्यातून गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला नीट वाट नव्हती, म्हणून तो स्कूटरच्या धातूवर येऊन बसला होता. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअर गळती झाली की पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा गळतीने हलतही नाही, कारण त्याचं काम ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट बघणं हे आहे. पडणारा आरसीसीबी बिघडलेला नव्हता, तो ओरडून सांगत होता. त्याला गप्प करणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावू नका, एवढंच म्हणतो.

आता माझी सवय. सॉकेट कमरेच्या वर, ज्या भिंतीवर पावसाची झड येत नाही तिथे. वायर आधी सॉकेटच्या वीतभर खाली लोंबू द्यायची आणि मग वर चढवून प्लगमध्ये न्यायची. ओघळणारं पाणी झोलाच्या सगळ्यात खालच्या टोकाशी येऊन टपकतं, वर चढत नाही. सॉकेटचा बॉक्स बाहेर वापरायचा असेल तर झाकणाचा, पाण्यापासून बचाव करणारा घ्यायचा आणि वायर तळाच्या बाजूने आत घालायची. वरून भोक पाडणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त बघत राहतो.

दुसरी चूक गाडीच्या सॉकेटची. भर पावसात घोडबंदर रोडवरून घरी आलात, रबराची झडप उघडलीत आणि लगेच चार्जरच्या वायरीची गन खुपसलीत, असं करू नका. सॉकेटच्या खोबणीत थेंब असतील तर मी गाडी पाच मिनिटं उभी ठेवतो, सुती फडक्याने कडा पुसतो, अर्धा तास पंख्याखाली सुकू देतो. एवढाही धीर नसेल तर रिक्षाने जा. काही जण हेअर ड्रायर मारतात, त्याने रबराचं सील कडक होतं. ग्रीस किंवा खोबरेल तेलही नको, त्याला धूळ चिकटते.

गंजलेल्या पिनेचं नुकसान हळूहळू होतं. समजा चार्जर गाडीत १२ अँपिअर सोडतोय आणि गंजामुळे पिनेच्या जोडात ०.१ ओहम रोध वाढला. १२ × १२ × ०.१ म्हणजे साधारण १४ वॉट, जवळजवळ झिरोच्या बल्बाएवढी उष्णता, त्या इवल्याशा पिनेत, चार-पाच तास. म्हणून चार्जिंग लावल्यावर वीस मिनिटांनी कोरड्या हाताची मागची बाजू गनला लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर भिंतीचा स्विच बंद करा आणि पिना बघा. हिरवट थर असेल तर सर्व्हिस सेंटर साफ करून देईल. काळं पडलं असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर ती गन बदलायचीच.

बाकी थोडक्यात. गाडी धुताना प्रेशरचा पाईप सॉकेटवर धरू नका. चार्जर जमिनीवर ठेवू नका आणि त्याच्यावर रेनकोट वाळत घालू नका, तो गरम होतो, त्याला हवा लागते. एक्स्टेंशन बोर्ड तर पावसाळ्यात पार्किंगमध्ये आणूच नका. आणि पाणी गाडीच्या पाय ठेवायच्या फळीच्या वर चढलं असेल तर गाडी चालू दिसली तरी चार्जिंगला लावू नका, सर्व्हिसवाल्यांना दाखवा.

काकांचा आरसीसीबी परत बसवला, अर्थिंग नवीन ओढलं. पिशवी मात्र त्यांनी अजून टाकलेली नाही. आता ती प्लगऐवजी हेल्मेटवर घालतात.