रांग चालते, पण उत्तर चुकतं: आगमनाची अंतरं काढताना या चुका टाळा

एखाद्या पतसंस्थेतली रोख भरण्या-काढण्याची एकच खिडकी घ्या. तासाला सरासरी २० ग्राहक येतात, म्हणजे दोन ग्राहकांमध्ये सरासरी ३ मिनिटांचं अंतर. एकाचं काम उरकायला सरासरी २.४ मिनिटं लागतात. दोन्ही वेळ एक्स्पोनेन्शियल धरले, तर रांगेतला सरासरी थांबण्याचा वेळ सूत्रानेच मिळतो: ९.६ मिनिटं. सिम्युलेशन लागतं ते पुढे, दुसरी खिडकी किंवा जेवणाची सुट्टी आली की. पण आधी हीच साधी रांग एक्सेलच्या शीटवर चालवून बघावी, कारण इथे खरं उत्तर माहीत आहे.

रँडम संख्येपासून अंतर काढण्याची युक्ती सोपी आहे. अंतर x मिनिटांपेक्षा जास्त नसण्याची शक्यता 1-e^(-x/3) इतकी असते. ही शक्यता 0 ते 1 मधल्या U या रँडम संख्येइतकी मानायची आणि x सोडवायचा: x = -3·ln(1-U). U जर ०.३५ आला तर अंतर १.२९ मिनिटं, ०.९० आला तर ६.९१. शीटमध्ये K1 मध्ये ३, K2 मध्ये २.४ ठेवा, A आणि D या स्तंभांत `=RAND()` भरा आणि मग:

```
B2: =-$K$1*LN(1-A2)
C2: =B2
C3: =C2+B3
E2: =-$K$2*LN(1-D2)
F2: =C2
F3: =MAX(C3,G2)
G2: =F2+E2
H2: =F2-C2
```

B अंतर, C आगमन, E सेवेचा वेळ, F सेवा सुरू, G सेवा संपली, H थांबणं. C3 आणि F3 खाली ओढा, B, E, G आणि H ची सूत्रं दुसऱ्या ओळीपासून.

बहुतेक जण थेट H ची सरासरी बघतात आणि ९.६ शी ताडतात. चूक शोधायला ही जागा वाईट आहे. खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असते, आणि एकदा रांग लांबली की मागचे सगळेच अडकतात. त्यामुळे १००० ग्राहकांच्या एका फेरीत सरासरी ६ किंवा १४ आली तरी शीट बरोबर असू शकतं. याउलट B ची सरासरी १००० ओळींत बहुतेक वेळा २.८ ते ३.२ मध्येच पडते. म्हणून आधी B आणि E तपासा, रांग नंतर.

LOG लिहिलं की काय होतं

एक्सेलमध्ये `LOG` म्हणजे पाया १०. नैसर्गिक लॉग हवा असेल तर `LN`. चुकून `LOG` लिहिलं तर प्रत्येक अंतर खऱ्याच्या ०.४३४ पट होतं: ३ ऐवजी सरासरी १.३० मिनिटं. हे फक्त B मध्ये झालं तर लगेच कळतं. ग्राहक खिडकीच्या आवाक्यापेक्षा जास्त वेगाने येतात, H खाली खाली वाढतच जातं आणि शीट आपणच ओरडतं.

खरा घोटाळा होतो सूत्र B वरून E मध्ये कॉपी करून फक्त K1 चं K2 केल्यावर. आता दोन्ही वेळ सारख्याच प्रमाणात आखडले. खिडकी अजूनही ८० टक्केच व्यस्त दिसते, रांगेत सरासरी तीनेक माणसंही बरोबर दिसतात, सगळं शहाण्यासारखं वागतं. फक्त थांबण्याचा वेळ ९.६ ऐवजी ४.२ मिनिटांच्या आसपास येतो, आणि "आज रँडम संख्या नशिबाने चांगल्या आल्या" असं म्हणून माणूस पुढे जातो. `=AVERAGE(B2:B1001)` बघितलं असतं तर १.३ दिसलं असतं.

त्याच्या शेजारी `=STDEV.S(B2:B1001)` सुद्धा लिहा. एक्स्पोनेन्शियलमध्ये प्रमाण विचलन सरासरीइतकंच असतं, तेही ३ च्या जवळ यायला हवं. १.७ आलं तर बहुधा कुणीतरी `=RAND()*6` लिहिलंय: सरासरी ३ बरोबर, पण अंतरं वाजवीपेक्षा नियमित, आणि त्यामुळे रांग खोटी छोटी. सरासरी ०.३३ आली तर ३ ने गुणायच्या जागी भागलंय. २० च्या आसपास आली तर ताशी दरच सरासरी समजून वापरलाय. `EXPON.DIST(RAND(),…)` वापरणारेही भेटतात. ते फंक्शन वेळ घेऊन शक्यता देतं, आपल्याला उलट हवंय, आणि एक्सेलमध्ये EXPON.INV नावाचं फंक्शनच नाही. तयार फंक्शनच हवं असेल तर `=GAMMA.INV(RAND(),1,3)` चालतं.

एकच U दोन्हीकडे

ही चूक सरासरी तपासून सापडत नाही. जागा वाचवण्यासाठी D स्तंभ गाळून E मध्येही A2 वापरला, तर B आणि E दोन्ही स्वतंत्रपणे अगदी बरोबर दिसतात. पण आता प्रत्येक ग्राहकाचा सेवेचा वेळ हा त्याच्या आधीच्या अंतराच्या बरोबर ०.८ पट झाला. ६.९ मिनिटांच्या खंडानंतर आलेलाच ग्राहक ५.५ मिनिटं खिडकी अडवणार, म्हणजे लांब काम नेमकं खिडकी मोकळी झालेली असतानाच येणार. घाईघाईने एकामागून एक आलेल्यांची कामं चुटकीसरशी होणार. असे शिस्तीचे ग्राहक कुठल्याच पतसंस्थेला मिळालेले नाहीत. थांबण्याचा वेळ ९.६ च्या कितीतरी खाली जातो.

काही जण यावर तोड म्हणून एकीकडे `LN(1-A2)` आणि दुसरीकडे `LN(A2)` वापरतात. दोन्ही सूत्रं एकेकटी योग्यच, पण एकत्र आली की दिशा उलटते: गर्दीत आलेल्यांनाच लांब सेवा मिळते आणि रांग फुगते. तपासणी एका ओळीची:

```
=CORREL(B2:B1001,E2:E1001)
```

उत्तर शून्याजवळ हवं, १००० ओळींत साधारण ±०.०६ च्या आत. १ आलं तर पहिली चूक, −०.६४ च्या आसपास आलं तर दुसरी.

गोठवायचं ते U, वेळ नव्हे

`RAND()` प्रत्येक बदलाबरोबर नव्याने फिरतं. एक खिडकी आणि दोन खिडक्या यांची तुलना करताना दर वेळी वेगळेच ग्राहक आले, तर फरक खिडकीमुळे पडला की नशिबामुळे, हे सांगता येत नाही. A आणि D कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values चिकटवा. B आणि E ची सूत्रं मात्र तशीच राहू द्या. मग K1 मध्ये ३ चे २.५ केले की तेच ग्राहक जरा लवकर येतात. B गोठवलात तर ही सोय गेली.

`LN(RAND())` ही चालतं, पण `RAND()` क्वचित का होईना ० देऊ शकतं, १ कधीच देत नाही. म्हणून आतमध्ये 1-U बरा, #NUM! ची भीती राहत नाही. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यावरून ०० ते ९९ अशा दोन आकडी संख्या घेत असाल तर U = (संख्या + ०.५)/१०० घ्या.

पूर्ण मिनिटं हवीत म्हणून `INT` लावणं महागात पडतं. फक्त B ला लावलं तर सरासरी ३ वरून २.५३ वर येते आणि खिडकी ८० ऐवजी ९५ टक्के व्यस्त होते. आकडे नीटनेटके दिसायला हवे असतील तर सेलचं फॉरमॅट बदला, किंमत नको.

आगमन घड्याळाच्या वेळेत दाखवायचं असेल तर एक्सेल दिवसांत मोजतं, हे ध्यानात ठेवा. ९:०० मध्ये नुसते ३ मिळवले तर ग्राहक तीन दिवसांनी येतो, आणि h:mm फॉरमॅटमध्ये त्याची वेळ ९:०० च दिसते. C3 मध्ये `=C2+B3/1440` लिहा, C2 मध्ये सुरुवातीच्या वेळेत B2/1440 मिळवा, आणि E ही G मध्ये मिळवताना १४४० ने भागा. H मग दिवसांत येईल, त्याला १४४० ने गुणलं की मिनिटं.